खालच्या थरातलं सिमेंट धरतंय, थप्पी किती उंच लावायची?

पिंगुळीवाला | २४ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ हायवेला हार्डवेअरचं दुकान आहे, मागे सिमेंटचं गोडाऊन. आतून ३० फूट लांब, २० फूट रुंद. भिंती चिऱ्याच्या, वर पत्रा, दार एकच आणि ते पूर्वेला. मे अखेरीस १२०० गोणी भरल्या. पावसात घाट बंद झाला तर माल कुठून आणायचा, शिवाय भाव वाढायची बोलवा होती. मागच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून, बाजूच्या दोन्ही भिंतींपर्यंत भिडवून एकच मोठी थप्पी, १५ थर. पुढच्या अर्ध्या भागात पाइप, टाक्या, रंगाचे डबे.

आता मागच्या सव्वातीनशे गोणी उरल्यात आणि त्यात खडे निघतायत. खालच्या थरांत जास्त. दोन गिऱ्हाइकांनी गोणी परत आणून टाकल्या. प्रश्न एवढाच की थप्पी किती थरांची ठेवायची? गवंडी सांगतो १०, कंपनीचा माणूस म्हणतो १२ चालतात. दहाच लावले तर माझ्या ४०० गोणी बाहेर राहतात, त्या कुठे ठेवू?

खारेवारे | २४ ऑगस्ट, रात्री १०.०५

उंचीचा काही संबंध नाही. समुद्राची खारी हवा आहे ही. आमच्याकडे मालवणात सायकलची चेन टिकत नाही, सिमेंट काय टिकणार. गोडाऊनला खिडक्या काढा समोरासमोर, एक्झॉस्ट फॅन बसवा, आणि गोणींमध्ये चार बोटं फट ठेवा म्हणजे हवा खेळती राहील. कांद्याच्या चाळीत करतात तसं.

दाभोळी | २४ ऑगस्ट, रात्री १०.३०

ह्या पावसात खिडकी उगडी ठेवलंस तर सिमेंटाचो चिरो होतलो, चिरो.

थप्पीवाले_काका | २५ ऑगस्ट, सकाळी ७.१५

दाभोळींनी एका ओळीत सांगितलं ते बरोबर आहे. खारेवारे, कांद्याला स्वतःचा ओलावा बाहेर टाकायचा असतो, म्हणून त्याला वारा लागतो. सिमेंट कोरडं ठाक येतं, त्याच्यातून बाहेर काढायचं काहीच नसतं. उलट जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ९० टक्क्यांच्या आसपास असते, तीच हवा फॅन लावून आत ओढणार का? विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या गोणीला बारीक छिद्रं असतात, भरताना हवा निघून जावी म्हणून. त्याच छिद्रांतून दमट हवा आत जाते. म्हणून गोणी एकमेकींना घट्ट भिडवायच्या, दार गरजेपुरतंच उघडायचं. फट ठेवायची ती थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये, गोणी आणि गोणी यांच्यामध्ये नाही.

खाऱ्या हवेचा त्रास आहे, पण आडवळणाने. ती पत्रा आणि पत्र्याचे खिळे खाते आणि मग खिळ्याच्या भोकातून थेंब पडतो.

आता पिंगुळीवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर १० आहे. बांधकामाच्या मालाच्या साठवणीबद्दलचं जे भारतीय मानक आहे, आयएस ४०८२, त्यातही दहाच दिलेत. पण दहा थर लावून तुमचा त्रास जाईल असं मला वाटत नाही. आधी तीन गोष्टी सांगा.

खडे झालेल्या गोणींवर छापलेला आठवडा कोणता? खडे खालच्या थरांतच आहेत की भिंतीला टेकलेल्या गोणीत वरपर्यंत आहेत? आणि पाच-सहा गोणी लादीवर चार-सहा वेळा लोळवून, उलटून पालटून बघा. नंतर तोंड उघडून खडा मुठीत दाबा. पीठ झाला का, की तसाच राहिला?

गुहागरची_माई | २५ ऑगस्ट, सकाळी ९.२०

आमचं घराचं काम पावसामुळे थांबलंय. साठ गोणी पडवीत ठेवल्यात, वर ताडपत्री आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काही होत नाही, दसऱ्यानंतर स्लॅब टाकू. थप्पी पाचच थरांची आहे म्हणजे चालेल ना?

थप्पीवाले_काका | २५ ऑगस्ट, दुपारी १.१०

माई, पाच थर म्हणजे दाबाची चिंता नाही, पण पडवी तीन बाजूंनी उघडी असणार आणि ताडपत्री फक्त वर असेल. ओल खालून आणि बाजूने येते. आणि दसऱ्यापर्यंत त्या गोणींचं वय किती होईल ते गोणीवरचा आठवडा बघून मोजा. तीन महिन्यांवर गेलं तर तपासल्याशिवाय स्लॅबला वापरू देऊ नका. कॉन्ट्रॅक्टरला सांगा, ह्या गोणी आत्ता आतल्या भिंतींच्या बांधकामाला किंवा प्लास्टरला संपव आणि स्लॅबला ताजा माल माग.

पिंगुळीवाला | २५ ऑगस्ट, रात्री ९.५५

काका, आज माणसं लावून बघितलं. दोन प्रकार निघाले.

भिंतीपासून दुसऱ्या ओळीतल्या गोणी खालच्या चार-पाच थरांत वीट झाल्यासारख्या घट्ट होत्या, पण लोळवल्यावर सुटल्या. राहिलेले खडे मुठीत पीठ झाले. भिंतीला टेकलेल्या ओळीत मात्र खालपासून अगदी दहाव्या-अकराव्या थरापर्यंत, भिंतीकडच्या बाजूला कडक पापुद्रा आहे. हातोडीने फोडावा लागतो, फोडल्यावर आत करकरीत दाणे. अगदी खालचा थर तर दोन्ही ओळींत खालून धरलाय. खाली प्लास्टिक अंथरलं होतं, फळ्या नव्हत्या.

सगळ्यांवर मे महिन्याचे आठवडे आहेत.

थप्पीवाले_काका | २६ ऑगस्ट, सकाळी ७.००

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत.

लोळवल्यावर जे सुटलं ते दाबाने बसलेलं. १५ थरांत सगळ्यात खालच्या गोणीवर १४ गोणी, म्हणजे ७०० किलो. दहा थरांत तेच ४५० होतात. एवढ्या ओझ्याखाली बारीक पूड तीन महिने राहिली तर कण एकमेकांत रुतून बसतात. त्यात पाणी लागलेलं नसतं, म्हणून हलवलं की सुटतं. थर कमी केले की हा त्रास कमी होतो.

जे हातोडीशिवाय फुटत नाही त्यात मात्र पाणी लागून सिमेंटचं काम सुरू झालेलं आहे, ते परत फिरत नाही. जांभा पाणी पितो हे आपल्याला घराघरांत ठाऊक आहे, आणि पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आडवा मारतो. ती भिंत जूनपासून ओली आहे आणि तुमच्या गोणी तिला गाल लावून बसल्यात. इथे थप्पी पाच थरांची असती तरी भिंतीकडची ओळ गेलीच असती. भिंतीपासून दीड-दोन फूट मोकळं सोडणं आणि खाली सहा-आठ इंच उंचावर फळ्या टाकणं, याला पर्याय नाही. नुसतं प्लास्टिक अंथरून उपयोग होत नाही, गोणी ओढताना ते फाटतं आणि लादीला सुटलेला घाम भोकातून वर येतो.

पण मला खटकतंय ते वेगळंच. पावसाळ्यात रोज किती गोणी जातात?

पिंगुळीवाला | २६ ऑगस्ट, सकाळी १०.३०

सरासरी १५.

चिपळूणचा_लोड | २६ ऑगस्ट, दुपारी १२.४५

मग हिशोब बघा ना शेठ. १२०० भागिले १५ म्हणजे ८० दिवस. एक जूनपासून धरलं तर ऑगस्टच्या वीस तारखेच्या आत मेचा सगळा माल संपायला हवा होता. आज तुमच्याकडे सव्वातीनशे गोणी मेच्याच आहेत. म्हणजे मध्ये नवीन गाड्या आल्या, तो माल पुढे लागला आणि पुढूनच गेला. मागची रांग जागची हलली नाही. बरोबर?

मी ट्रान्सपोर्टमध्ये आहे, दर दुसऱ्या गोडाऊनला हेच असतं.

पिंगुळीवाला | २६ ऑगस्ट, रात्री ८.१५

बरोबर. जुलैच्या शेवटी दोन गाड्या घेतल्या, २००-२०० गोणींच्या. महिनाअखेरची स्कीम होती. दारातून आत येताना पुढेच जागा असते, तिथेच लागतात. मागचा माल काढायचा तर पुढचा आधी हलवावा लागतो, आणि हमाल त्याचे वेगळे पैसे मागतात.

थप्पीवाले_काका | २७ ऑगस्ट, सकाळी ६.५०

आता सगळं जुळलं. सगळ्यात जुना माल, सगळ्यात ओल्या भिंतीला, सगळ्यात जास्त ओझ्याखाली, आणि हात पोचणार नाही अशा जागी. म्हणून मी म्हणतो की उंचीचा नंबर दुसरा. पहिला नंबर हा की गोडाऊन असं लावायचं, की जुना माल काढायला काहीही हलवावं लागू नये. हमालाला शिस्त सांगून हे होत नाही, जागेनेच ते करून घ्यावं लागतं.

तुमच्या मापाचं लावून दाखवतो. पाइप आणि टाक्या आधी बाहेर शेडमध्ये न्या, त्यांना कोरड्या जागेची गरज नाही. आता पूर्ण ३० बाय २० मोकळं झालं. बाजूच्या दोन भिंतींपासून दोन-दोन फूट आणि मागून दोन फूट सोडा. दाराकडे चार फूट सोडा, गोणी उतरवायला. दारापासून मागपर्यंत मधोमध चार फुटांची वाट. वाटेच्या दोन्ही हातांना सहा फूट रुंद आणि २४ फूट लांब अशा पट्ट्या उरल्या. प्रत्येक पट्टी मध्ये एक फूट तोडून दोन भाग करा. झाल्या चार थप्प्या, प्रत्येकी सहा बाय साडेअकरा.

गोणी साधारण सव्वादोन फूट लांब, दीड फूट रुंद. सहा फुटांत दोन उभ्या आणि एक आडवी बसते. थराला वीसच्या आसपास, एखादी इकडेतिकडे. पुढच्या थराला दिशा बदलायची म्हणजे सांधे बांधले जातात आणि थप्पी कलत नाही. दहा थर, म्हणजे एका थप्पीत २०० गोणी.

२०० म्हणजे तुमची एक गाडी. एक गाडी, एक थप्पी. खडूने पाटीवर आठवडा लिहायचा आणि उघडलेली थप्पी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय दुसरी फोडायची नाही. नवीन गाडी रिकाम्या जागेतच लागते, त्यामुळे नवीन माल जुन्याच्या पुढे येऊच शकत नाही. वाट मधून आहे, म्हणून मागची थप्पी काढायला पुढचीला हात लावावा लागत नाही.

पिंगुळीवाला | २७ ऑगस्ट, सकाळी ११.२०

काका, समजलं. पण चार थप्प्या म्हणजे ८००. माझ्या ४०० गोणींचा प्रश्न तिथेच आहे.

थप्पीवाले_काका | २७ ऑगस्ट, दुपारी २.००

त्या ४०० गोणी तुम्हाला पावसाळ्यात नकोच आहेत. मी तर म्हणेन चारपैकी एक थप्पी रिकामीच ठेवा. तीन थप्प्या म्हणजे ६००, रोज १५ प्रमाणे ४० दिवस. करूळ, फोंडा, आंबोली, यातला एखादा घाट दरड येऊन बंद होतो हे खरं, पण सगळे रस्ते मिळून ४० दिवस बंद असं होत नाही. दिवाळीनंतर विक्री वाढली की चौथी वापरा, तेव्हा माल इतका फिरतो की तीच ८०० गोणी पंधरा दिवसांतही जातील.

व्यापारी_मनुष्य | २७ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

काका, हे सगळं कागदावर ठीक. मेमधल्या भावात आणि जुलैच्या भावात गोणीमागे वीस-पंचवीस रुपयांचा फरक पडला तर १२०० गोणींवर किती होतात ते पण मांडा. साठा करणारा वेडा नसतो. आणि कंपन्यांच्या स्वतःच्या डेपोत मी १४-१५ थर डोळ्यांनी पाहिलेत. त्यांचं सिमेंट नाही धरत?

चिपळूणचा_लोड | २७ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१०

डेपोत मी रोज जातो. माल आठ-दहा दिवसांत बाहेर पडतो, खाली पक्का काँक्रीटचा जोता आणि पॅलेट असतात. तीन महिने एकाच जागी पडून राहणारी गोणी तिथे नसते. तेवढ्यात १५ थरांचा दाब फारसा लागत नाही, आणि लागला तरी गाडीत चढता-उतरताना गोणी सुटी होते.

भावाचं म्हणाल तर शेठच्या कडक झालेल्या गोणी मोजा आणि त्यातून तुमचा फायदा वजा करा.

व्यापारी_मनुष्य | २७ ऑगस्ट, संध्याकाळी ७.४०

ज्याची भिंत ओली नाही त्याचा फायदा फायदाच राहतो. असो, ज्याचा त्याचा धंदा.

वाशिष्ठीकाठ | २७ ऑगस्ट, रात्री ९.००

भिंतीचं, उंचीचं बोलताय म्हणून सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारात ज्यांची गोडाऊनं होती त्यांचा प्रश्न दहा थर की पंधरा हा नव्हताच. पाणी शिरलं तेव्हा फळ्या आठ इंच असोत की दोन फूट, सगळं गेलं. नदीकाठी असाल तर पावसाळ्यात साठा कमी ठेवणं हाच विमा.

साइटवरचा_सुपरवायझर | २८ ऑगस्ट, सकाळी ८.०५

गोडाऊन नीट ठेवून निम्मंच काम होतं. आमच्याकडे साइटवर येणाऱ्या गोणी वाटेतच भिजलेल्या असतात. टेम्पोवाला वर ताडपत्री टाकतो, पण हौद्याच्या तळाला पाणी साचलेलं असतं आणि खालची ओळ त्यात बसून येते. तळाला फळ्या किंवा जाड प्लास्टिक घालायला सांगा. ताडपत्री फाळक्यावरून बाहेर सोडायची, आत खोचायची नाही. आत खोचली की पन्हळीसारखं सगळं पाणी गोणींवर उतरतं.

आणि हमालांचा आकडा बंद करा. ह्या गोणीला आकडा लावला की जे भोक पडतं त्यातून सिमेंट सांडतं ते दिसतं, ओल आत जाते ती दिसत नाही. भरताना फाटक्या गोणी वेगळ्या काढा आणि त्या आधी द्या, त्याच दिवशी वापर होणार असेल तिथेच.

आम्ही आता पावसाळ्यात दोन दिवसांपुरताच माल मागवतो. दुकानदार कुरकुरतो, भाडं जास्त पडतं म्हणून, पण साइटवर कोरडी जागा कोणाकडे असते?

खारेवारे | २८ ऑगस्ट, सकाळी ९.४५

बरं, खिडकीचं मागे घेतो. पण मग थप्पीला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळायचं का? आमच्या शेजारच्या दुकानात गुंडाळतात आणि सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसतात. मग ते पाणी आलं कुठून?

थप्पीवाले_काका | २८ ऑगस्ट, दुपारी १.३०

चांगला प्रश्न आहे. पावसाळ्यात थप्पी खालून-वरून पूर्ण झाकावी असं मानकातही आहे. आधी फळ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, मग थप्पी, आणि तोच कागद बाजूंनी वर घेऊन माथ्यावर एकावर एक चढवून बंद करायचा. रोज गोणी काढल्या की परत झाकायचं. गोणी काढताना उभ्या ओळीने, पायऱ्या ठेवत काढत जा. वरचा एकेक थर सगळीकडून काढला तर कागद पूर्ण उघडा राहतो.

आता थेंबांचं. गाडीतून आलेला माल कधीकधी अजून गरम असतो, हात लावून कळतं. गरम थप्पीभोवती दमट हवा अडकली आणि रात्री गार झाली की कागदाला आतून घाम येणारच. मी गरम माल एक-दोन दिवस दार बंद ठेवून तसाच निवू देतो आणि मग झाकतो.

साइटवरचा_सुपरवायझर | २८ ऑगस्ट, दुपारी ३.१५

इथे मी काकांशी सहमत नाही. जुलैच्या हवेत दोन दिवस उघडी ठेवलेली थप्पी जेवढा ओलावा घेते, तेवढा कागदाच्या चार थेंबांनी होत नाही. आम्ही लगेच झाकतो, माथ्यावर कागद सैल ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुसून बंद करतो.

थप्पीवाले_काका | २८ ऑगस्ट, दुपारी ४.००

असेल. तुमच्याकडे माल दोन दिवसांत संपतो, माझ्याकडे महिनाभर राहतो. एका गाडीच्या दोन थप्प्या करून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लावून बघायला हव्यात.

पिंगुळीवाला | २९ ऑगस्ट, रात्री १०.१०

अपडेट. सगळ्या लोळवून वेगळ्या केल्या. शे-सव्वाशे कडक निघाल्या, बाकीच्या सुटल्या. कडकवाल्या चाळून प्लास्टरला अर्ध्या भावात द्याव्यात असं एक गवंडी सांगतोय. आणि सुटलेल्या नेहमीसारख्या विकू का?

थप्पीवाले_काका | ३० ऑगस्ट, सकाळी ७.२०

कडक गोणी सिमेंट म्हणून विकू नका. चाळणीत खडे राहतात, पण जी पूड खाली पडते तिनेही थोडीफार ओल घेतलेलीच असते, ती डोळ्यांना दिसत नाही. स्वतःच्या आवारात चिखल होतो तिथे पीसीसीला वापरा, सिमेंट नेहमीपेक्षा जास्त घालून. बाहेर देऊ नका, परत तुमच्याच दारात येईल.

सुटलेल्या गोणी मेच्या आहेत, म्हणजे तीन महिने झालेत. त्यातल्या वेगवेगळ्या चार-पाच गोणींतून नमुना काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि जवळच्या तंत्रनिकेतनाच्या किंवा खाजगी लॅबमध्ये द्या. पीपीसी असेल तर मसाल्याच्या ठोकळ्याची ताकद तीन दिवसांत १६, सात दिवसांत २२ आणि २८ दिवसांत ३३ मेगापास्कल यायला हवी. सात दिवसांचा आकडा आला की बराचसा अंदाज येतो. सोबत सेटिंग टाइम करून घ्या. बादलीत चिमूटभर टाकून तरंगतं की बुडतं बघणारे भेटतील, त्यावर जाऊ नका.

गुहागरची_माई | ३० ऑगस्ट, सकाळी १०.००

कॉन्ट्रॅक्टरला तुमचा प्रतिसाद दाखवला. म्हणाला इंटरनेटवर काहीही लिहितात. पण गोणी आतल्या खोलीत हलवल्या त्याने. आठवडा बघितला, जूनचा पहिला आहे.

पिंगुळीवाला | ३० ऑगस्ट, दुपारी १२.३०

नमुना उद्या पाठवतो. काका, फळ्यांचं शेवटचं विचारतो. लाकडी पॅलेट महाग पडतात. चिऱ्यांच्या रांगा लावून त्यावर पोफळीच्या फाळ्या टाकल्या तर?

थप्पीवाले_काका | ३० ऑगस्ट, रात्री ८.४५

चिरा लादीवरून पाणी वर खेचतो, त्यामुळे चिरा आणि फाळी यांच्यामध्ये प्लास्टिकची पट्टी घाला. फाळी गोलाकार बाजू वर करून ठेवा, नाहीतर कड गोणीत रुतते. दोन फाळ्यांमधलं अंतर तीन-चार बोटांपेक्षा जास्त नको, गोणी मध्ये लोंबली की तिथेच आधी धरते. एका चिऱ्यापासून दुसऱ्या चिऱ्यापर्यंत दीड फुटापेक्षा जास्त अंतर सोडू नका, वर दहा टन येणार आहेत.

दाभोळी | ३० ऑगस्ट, रात्री ९.३०

पोफळीक वाळवी लागता. डांबर लाव आधी.